मदत हवी आहे: एएम डिटेक्टरची लाट उतरताना तिरकी कापली जातेय

घाईतला_गणू: उद्या सकाळी सबमिशन आहे. एन्व्हलप डिटेक्टरला 10 किलोओम आणि 10 नॅनोफॅरॅड लावलेत. 1 किलोहर्ट्झला आउटपुट छान होतं, 3 ला उतरती बाजू सरळ तिरकी रेघ होते. कपॅसिटर कितीचा घालू? फक्त आकडा सांगा.

वाल्व्हवाले_काका: 10 नॅनोच ठेव. आमच्या जुन्या सेटमध्ये तोच आहे, पुणे केंद्र 792 वर खणखणीत लागतं.

सदाशिवी: कॅरियर किती? मॉड्युलेशन किती?

घाईतला_गणू: 455 किलोहर्ट्झ, फंक्शन जनरेटरवरून. डायोड ओए79. मॉड्युलेशन नेहमीचंच.

सदाशिवी: नेहमीचं म्हणजे काय? स्कोपवर वरचं टोक आणि खालची दरी मोजा.

घाईतला_गणू: 4.5 व्होल्ट आणि 0.5 व्होल्ट.

लॅबमामा: सोपं आहे. RC = 1/(2πf). 5 किलोहर्ट्झपर्यंत हवं असेल तर 32 मायक्रोसेकंद, म्हणजे 3.3 नॅनो. लावून मोकळा हो.

सदाशिवी: मामा, तो हिशोब m साधारण 0.7 असेपर्यंतच चालतो. इथे 4 भागिले 5, म्हणजे 0.8 आहे. कपॅसिटर रिकामा होतो तो फक्त रेझिस्टरमधून, आपल्याच वेगाने. मॉड्युलेशन जितकं खोल, तितकं एन्व्हलप त्याच्यापेक्षा झपाट्याने खाली येतं, डायोड बंदच राहतो आणि तिरकी रेघ दिसते. मर्यादा अशी:

RC ≤ √(1−m²) / (2πf·m)

5 किलोहर्ट्झला 24 मायक्रोसेकंद येतात. 10 किलोओमला 2.2 नॅनो घाला. कॅरियरचं एक आवर्तनही 2.2 मायक्रोसेकंदांचं, त्याच्या दहापट RC आहे, त्यामुळे रिपल फार त्रास देणार नाही. तुमच्या 100 मायक्रोसेकंदांना 1.2 किलोहर्ट्झपर्यंतच झेपतं, म्हणून 1 ला ठीक दिसलं.

वाल्व्हवाले_काका: मग आमचा सेट का वाजतो?

सदाशिवी: गाण्यात-बोलण्यात उंच स्वरांचा जोर कमी असतो, ते एवढं खोल मॉड्युलेशन करत नाहीत. गणूचा जनरेटर 3 किलोहर्ट्झलाही पूर्ण जोर देतो.

रेडिओप्रेमी_हडपसर: माझ्या रेडिओत गुणगुण येते. फिल्टर कपॅसिटर बदलू का?

लॅबमामा: वेगळा धागा काढा हो.

घाईतला_गणू: 2.2 लावला, तिरकी रेघ गेली! पण पुढे कपलिंग कपॅसिटर आणि 10 किलोओमचा व्हॉल्यूम जोडला, तर आता लाटेचा तळ सपाट. अजून लहान घालू?

लॅबमामा: डायोडचा ड्रॉप असणार. दरी अर्ध्याच व्होल्टची आहे.

सदाशिवी: थोडा हात त्याचाही असेल, पण मग व्हॉल्यूम जोडण्याआधीही तळ सपाट दिसला असता. कपॅसिटरला आता हात लावू नका. डीसीला लोड 10 किलोओम, पण ऑडिओला दोन्ही समांतर, म्हणजे 5. गुणोत्तर 0.5, त्यापुढचं मॉड्युलेशन खालून कापलं जाणारच. व्हॉल्यूम 100 किलोओमचा घ्या, गुणोत्तर 0.9 होईल.

घाईतला_गणू: आत्ता बुधवार पेठेतली दुकानं बंद झाली असतील. घरात 47 किलोओमचे रेझिस्टर आहेत.

सदाशिवी: एक व्हॉल्यूमच्या आधी सिरीजमध्ये टाका. 0.85 मिळेल. आवाज मात्र साधारण सहाव्या हिश्श्यावर येईल.

घाईतला_गणू: मग अ‍ॅम्प्लिफायरचा गेन वाढवावा लागेल? तो पार्टनरकडे आहे आणि तो फोन उचलत नाहीये.