टाचेच्या रक्ताचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’, म्हणून मायचं दूध बंद?

गोदाकाठ: बहिणीचं लेकरू दहा दिवसांचं, सेलूला. तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्ताचे थेंब कागदी कार्डावर घेऊन ते कुरिअरनं मुंबईला धाडलं. रिपोर्ट: गॅलॅक्टोसेमिया पॉझिटिव्ह, म्हणजे दुधातली गॅलॅक्टोज साखर शरीराला पचवता न येण्याचा आजार. ती पचवणारं गाल्ट एन्झाइम 2.1, हवं 3.5 च्या वर. एकूण गॅलॅक्टोज 4, हवं 10 च्या आत. बायोटिनिडेज या दुसऱ्या एन्झाइमपुढं ‘सीमारेषेवर’. लेकरू ठणठणीत, वजनही वाढतंय, तरी आईचं दूध बंद करून सोयाचा डबा लिहून दिला. ही शुद्ध लूट आहे. असल्या तपासण्या बंदच करा.

लॅबवाली: लूट म्हणून मोकळं होण्याआधी तिन्ही आकडे एकत्र वाचा. गाल्ट खरंच नसेल तर दूध पिणाऱ्या बाळाच्या रक्तात तिसऱ्या दिवशी गॅलॅक्टोज साचलेलं दिसतं. इथं ते 4. शिवाय गाल्ट आणि बायोटिनिडेज, दोन्ही एन्झाइम उष्णतेनं आणि दमटपणानं मरतात. दोन्ही एकदम खाली आले की मी आधी कार्डावर संशय घेते, बाळावर नंतर. मे महिन्यात आपल्याकडं पारा 42 वर, आणि पाकीट कुरिअरच्या गाडीत कुठंतरी डिकीला. कार्ड आडवं ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवायचं असतं. घाईत ओलंच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं की झालं.

उदगीरकर: मुद्द्याचं कुणी विचारतच नाही. लग्न नात्यातलं आहे का? मामाच्या पोराला पोरगी द्यायची आणि मग लॅबला शिव्या घालायच्या, हे मराठवाड्यात किती दिवस चालणार?

गोदाकाठ: मामाच्याच पोराला दिलीय. पुढं बोला. तुमच्या घरात सगळी स्थळं लंडनहून येतात का?

उदगीरकर: राग कशाला? नवरा-बायको दोघांतही तोच दोष असला तर दर बाळंतपणात चारात एक धोका.

बालरोगवाला: ‘असला तर’ हाच तर प्रश्न आहे, उदगीरकर. हा आजार जगभरात साधारण 50 हजारांत एखाद्याला. धरून चाला की तपासणी हजारात एकाच निरोगी बाळाला उगाच पकडते. तरी 50 हजार बाळांत 50 खोट्या घंटा वाजतील आणि खरी एक. नात्यातल्या लग्नानं खऱ्याचं पारडं जड होतं, हे मान्य. त्यामुळं या घरात ‘कार्डच तापलं असेल’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

उदगीरकर: चला, अर्धं तरी मान्य केलंत. उपकार झाले. बाकी रक्त दूध पाजायच्या आधी घेतलं असेल तर चाचणीच चुकते. भरपूर दूध पाजा आणि परत कार्ड घ्या.

लॅबवाली: ते गॅलॅक्टोजच्या आकड्याला लागू. एन्झाइमला दूध पाजलं काय न पाजलं काय, सारखंच. आणि परत कार्डच घेतलंत तर तेही त्याच गाडीत तापणार. हेपरिनच्या नळीत ताजं रक्त घ्या, थंड डब्यात पाठवा आणि लाल पेशींतलं गाल्ट मोजून घ्या. बर्फ नळीला थेट लागू देऊ नका, पेशी फुटतात. बाळाला रक्त चढवलेलं नाही ना? चढवलं असेल तर पेशी दात्याच्या, आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो. एन्झाइम पावपट आलं तर तो बहुधा डुआर्टे नावाचा सौम्य प्रकार. त्यात सहसा काही बिघडत नाही.

सुमनकाकू: आमच्या नातवालाबी कावीळ पॉझिटिव्ह आली होती. कोवळ्या उन्हात धरलं, आठ दिवसात साफ.

बालरोगवाला: काकू, ही कावीळ नव्हे. उलट या आजारात कावीळ, उलटी, सुस्ती दिसली तर उन्हात बसायचंच नाही, दवाखाना गाठायचा. या लेकरांना ई. कोलायचा जंतुसंसर्ग झपाट्यानं होतो. म्हणूनच मी दूध बंद करणाऱ्या डॉक्टरच्या बाजूचा आहे. नात्यातलं लग्न, कमी एन्झाइम. पक्का रिपोर्ट येईपर्यंत सोया पाजल्यानं लेकराचं फारसं बिघडत नाही.

लॅबवाली: आणि बाळंतिणीचं दूध आटलं तर? गॅलॅक्टोज 4 असताना?

बालरोगवाला: ते 4 तिसऱ्या दिवसाचं. तेव्हा कितीसं दूध उतरलं होतं, माहीत आहे? दर दोन-तीन तासांनी दूध पिळून काढत राहिलं तर आटत नाही. हे तिला कुणी सांगितलं का, ते विचारा.

गोदाकाठ: नाही सांगितलं. नुसतं ‘बंद’ म्हणाले. म्हणून तर डोकं फिरलं.

लॅबवाली: मग डॉक्टर या एका बाबतीत चुकले. तपासणी बंद करा, हे तरी मागं घ्या.

गोदाकाठ: घेतलं, अर्धं. कुरिअरवाल्याबद्दलचं नाही. हेपरिनची नळी सेलूत मिळंल का परभणीला जावं लागंल?

लॅबवाली: हिरव्या झाकणाची नळी, बऱ्याच लॅबमध्ये असते. पण रक्त शुक्रवारी देऊ नका, रविवारभर पडून राहील. सोमवारी सकाळी द्या.

बालरोगवाला: आणि मधल्या काळात लेकरानं एक वेळ जरी पिणं सोडलं तर सोमवारची वाट बघू नका.