बैठकीच्या वेळेसाठी ग्रुपवर पोल: मेसेज असा टाकू का?

नवीन_सेक्रेटरी (मुलुंड पूर्व)
आमची 28 फ्लॅटची सोसायटी. टाकीच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर करायला सभा घ्यायची आहे. आज सोमवार, रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाकतोय. मेसेज असा: "येत्या शनिवार-रविवारी सभा आहे. खालीलपैकी एक वेळ निवडा. शनि. 7, शनि. 9, रवि. 10, रवि. 6. लवकरात लवकर मत द्या, वेळ नंतर कळवू." एकच मत देता येईल अशी सेटिंग ठेवली आहे, म्हणजे गोंधळ होणार नाही. चालेल का?

जुना_खजिनदार
एकच मत ही सेटिंग आधी बदला. आमच्याकडे अगदी याच चार वेळा होत्या आणि 20 जणांनी मत दिलं. रवि. 10 ला 7, शनि. 7 ला 5, बाकी दोन्हींना 4-4. रवि. 10 जिंकलं आणि सभेला गणसंख्या भरताना नाकी नऊ आले, कारण उरलेल्या 13 जणांना दहाला जमतं की नाही हे पोलने विचारलंच नव्हतं. पुढच्या वेळी "जमेल त्या सगळ्या वेळांवर टिक करा" असं लिहिलं. तेव्हा शनि. 9 ला 14 जण निघाले, आणि रवि. 10 ला फक्त 9. जी वेळ फारशी कुणाची आवडती नव्हती ती बहुतेकांना चालत होती. आपल्याला आवड मोजायची नाही, कोण येऊ शकतं ते मोजायचंय.
एकापेक्षा जास्त उत्तरांची मुभा चालू आहे ना, हे पाठवण्याआधीच पाहून घ्या. पोल एकदा गेला की ती मागाहून बदलता येत नाही, नवा पोल टाकावा लागतो, आणि दोन पोल झाले की लोक दोन्हींवर मतं देतात.

मी_बोरिवलीकर
नाही पटलं. सगळ्यांवर टिक करा म्हटलं की आमचे आजोबा लोक खरोखरच सगळ्यांवर टिक करतात, नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून. आणि सभेच्या दिवशी घरी टीव्ही. एक मत मागितलं तर माणूस विचार तरी करतो. मुळात समितीने वेळ ठरवावी आणि सांगावी, एवढी लोकशाही कशाला?

जुना_खजिनदार
चारही टिक करणाऱ्याने काही बिघडत नाही, त्याचं एक एक मत चारही वेळांना जातं, क्रम तोच राहतो. बिघडतं ते न येणाऱ्याने टिक केलं की, आणि तो एकच मत असतं तरी आला नसता. त्यासाठी पाचवा पर्याय ठेवा: "यापैकी एकही वेळ जमणार नाही". नाहीतर ज्यांनी मेसेज पाहिलाच नाही आणि ज्यांना जमत नाही, ते दोघे सारखेच गप्प दिसतात.

शिवाजी_पार्क_वहिनी
आमच्या भिशीच्या ग्रुपवर एका घरातून नवरा-बायको-मुलगी तिघं मत देतात. आमचा ग्रुप बायकांचा, तरी हे! तुमच्याकडे कसं मोजणार?

जुना_खजिनदार
वहिनी, भिशीचं नाही सांगता येणार, पण मुद्दा बरोबर आहे. पोल नंबर मोजतो, फ्लॅट नाही. ज्या घरातले दोघं ग्रुपवर आहेत ते दुप्पट वजनाचे होतात. मेसेजमध्ये "एका फ्लॅटतर्फे एकाच व्यक्तीने" लिहा, आणि शेवटी मत देणाऱ्यांची यादी उघडून फ्लॅट नंबराप्रमाणे एकदा हाताने मोजा. 28 घरं आहेत, दहा मिनिटांचं काम. पोलमध्ये नावं सगळ्यांना दिसतात, त्यामुळे गुपचूप केल्याचा आरोपही होत नाही.

कायदेवाले_काका
वेळ कितीही गोड निवडा, ही सभा होऊच शकत नाही. सर्वसाधारण सभेला चौदा दिवसांची नोटीस लागते. पोल म्हणजे नोटीस नव्हे!

जुना_खजिनदार
काका, पोल म्हणजे नोटीस नव्हे हे अगदी खरं. पण चौदा दिवस वार्षिक सभेला. खर्चासाठी बोलावलेल्या विशेष सभेला उपविधीप्रमाणे पूर्ण पाच दिवस, म्हणजे नोटिशीचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस सोडून. आता मूळ मेसेज पाहा. पोल बुधवारी रात्री बंद झाला आणि गुरुवारी नोटीस निघाली, तर शुक्र, शनि, रवि, सोम, मंगळ असे पाच दिवस जातात. म्हणजे सर्वात लवकर पुढचा बुधवार. येता शनिवार-रविवार पोलमध्ये ठेवलात तर लोक मत देतील त्या वेळेला सभा घेता येणार नाही. पर्याय त्याच्या पुढच्या शनिवार-रविवारचे द्या.

नवीन_सेक्रेटरी
हे ध्यानातच आलं नव्हतं. मग "वेळ नंतर कळवू" ऐवजी काय?

जुना_खजिनदार
प्रश्नाच्या चौकटीत सगळं कोंबू नका. आधी हा मेसेज टाकून पिन करा, मग लगेच त्याखाली पोल:

"टाकीच्या दुरुस्तीची विशेष सर्वसाधारण सभा पुढच्या आठवड्याच्या शनिवारी किंवा रविवारी आहे (येत्या नाही). तारखा पोलमध्ये आहेत. जमू शकेल त्या सगळ्या वेळांवर टिक करा, फक्त आवडत्या नव्हे. एका फ्लॅटतर्फे एकाच व्यक्तीने. एकही जमत नसेल तर शेवटच्या पर्यायावर टिक करा. मत बुधवारी रात्री 9 पर्यंत, तोवर बदलता येईल. 9 नंतरची मतं धरली जाणार नाहीत. सर्वाधिक फ्लॅटना जमणारी वेळ गुरुवारी सकाळी 10 वाजता इथेच जाहीर होईल, लेखी नोटीस त्याच दिवशी निघेल. बरोबरी झाली तर रविवारची वेळ, रविवारच्याच दोन वेळांत असली तर सकाळची, शनिवारच्या दोघांत असली तर रात्री 9 ची."

बरोबरीचा नियम आधीच लिहा. निकाल लागल्यावर लिहिलात तर कुणासाठी लिहिलात, हे लोक विचारणारच. आणि बुधवारी बरोबर नऊला मत देणाऱ्यांच्या यादीचे स्क्रीनशॉट घ्या. आपण 'बंद' म्हटलं म्हणून पोल बंद होत नाही, गुरुवारी सकाळीही कुणीतरी टिक हलवतं.

मी_बोरिवलीकर
बरोबरीला रविवार का? भाडेकरू ठेवून कल्याणला राहणारे मालक रविवारी मेगाब्लॉक पाहून ठरवतात, आणि ब्लॉकचं वेळापत्रक शेवटच्या एक-दोन दिवसांत येतं. बुधवारी ते काय टिक करणार? तुमचा हिशेब इथे फसतो.

जुना_खजिनदार
फसतो, खरं आहे. सकाळच्या ब्लॉकसाठी संध्याकाळची वेळ बरी, पण तो अंदाज झाला. आमच्याकडे नऊ नंतरची मतं न धरण्यावरही दर वेळी एक जण भांडतोच. मी म्हणतो नियम पाळा. आमच्या अध्यक्षांचं म्हणणं, घरच्या माणसांशी इतकं कडक राहू नये. अजून जुळलेलं नाही आमचं.

कायदेवाले_काका
पाच दिवसांचं मान्य. पण नोटीस हाती किंवा घरी पोचली पाहिजे, ग्रुपवर फोटो टाकून भागवू नका. दोन फ्लॅटचे मालक ग्रुपवर नसतीलच.

नवीन_सेक्रेटरी
आहेत तीन असे. त्यांना फोन करून त्यांची वेळ मी स्वतः लिहून ठेवतो आणि मोजणीत धरतो. पोल उद्या टाकतो, तारखा बदलून.

शिवाजी_पार्क_वहिनी
रात्री 9 च्या पर्यायाआधी पाणी कधी येतं ते विचारा बाई. आमच्याकडे नऊला येतं, आणि तेव्हा कोणी घराबाहेर पडत नाही.