पुण्यात 10 दिवस मुक्काम: नमाज दोन रकात की चार?

शिरोली नाका: मी कोल्हापूरचा, हनफी. मेहुणा आता इथंच असतो, पण मूळचा रत्नागिरीचा, शाफई. दोघं कामासाठी 10 दिवस पुण्यात राहणार आहोत. तो म्हणतो, पोहोचलो की चार रकातच, पण वाटेत जोहर-असर एकत्र चालते. मला शिकवलंय की दोनच रकात आणि एकत्र कधीच नाही. दोघांचंही बरोबर कसं असेल?

कागलकर: माझं मत स्पष्ट आहे. उंटावरून दिवसचे दिवस जाणाऱ्यांसाठी ही सवलत होती. आपण चार-पाच तासांत पुणे गाठतो, तेही एसी गाडीत. त्रासच उरला नाही, तर कसर कशासाठी? पूर्ण पढा.

मंगळवार पेठेतले चाचा: बाळ, हाच प्रश्न पहिल्या पिढीलाही पडला होता. कुरआनात कसरची आयत भीतीच्या संदर्भात आली आहे. मग सगळीकडे अमन झाल्यावर कसर का, असं हजरत उमर यांना विचारलं गेलं. ते म्हणाले, मलाही हेच नवल वाटलं होतं, म्हणून मी रसूलुल्लाहंना विचारलं. उत्तर मिळालं की हा अल्लाहनं तुम्हाला दिलेला सदका आहे, तो कबूल करा. मुस्लिम शरीफमध्ये ही हदीस आहे. म्हणजे कसर सफरमुळे मिळते, त्रासामुळे नाही. नाहीतर मार्केट यार्डात दिवसभर पोती उचलणाऱ्या हमालाला ती आधी मिळाली असती.

आता शिरोलीकर, तुमचं. पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं आहे. हनफींचे तीन दिवसांच्या चालीचे 48 मैल, म्हणजे सुमारे 77 किलोमीटर, घ्या किंवा शाफईंचे दोन मजलांचे 80च्या वरचे घ्या, दोन्ही हिशेबांत ती सफरच आहे. फरक मुक्कामात पडतो. आपल्याकडं 15 दिवस राहायची नियत झाली तरच माणूस मुकीम होतो. तुमची 10 दिवसांची आहे, म्हणून तुम्ही दोनच पढणार, आणि एकट्यानं जाणूनबुजून चार पढणं आपल्यात चुकीचं आहे. शाफईंत येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवसांची नियत असली की माणूस पोहोचताक्षणी मुकीम. मेहुणा 10 दिवसांसाठीच चाललाय, म्हणून पुण्यात पूर्ण, वाटेत कसर. मुहाजिरांना हजनंतर मक्केत तीनच दिवस थांबायची मुभा होती, त्यावरून त्यांनी ही हद्द काढली. आपले 15 इब्न उमर यांच्याकडून आले. दोघांकडं आधार आहे.

शाहूपुरीची सून: माझं माहेर सातारा. चार-पाच दिवसांसाठी गेले की अम्मी म्हणते, हे तुझंच घर, पूर्ण पढ. मग मी काय करू?

मंगळवार पेठेतले चाचा: बेटी, तू लग्नानंतर कायमची कोल्हापूरची झालीस. हनफी मसलकात माहेरचं गाव आता तुझं वतन राहिलं नाही. 15 दिवसांच्या आत परतणार असशील तर दोन. मगरीबच्या तीन तशाच राहतात, कमी होत नाहीत.

उचगावचा व्यापारी: मी कराडला माल आणायला जातो. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या आसपास होतात. म्हणून मी कसर करतो.

मंगळवार पेठेतले चाचा: एकाच बाजूचं अंतर धरतात, भाई, आणि तेही घरापासून नाही, वस्ती संपते तिथून. कराड 70-75 भरतं. पूर्ण पढा.

राजारामपुरी: चाचा, मान राखून बोलतो, पण 48 मैल कुठल्या हदीसमध्ये आहेत? हजरत अनस सांगतात की नबी तीन मैल किंवा तीन फरसखांवर निघाले की दोन रकात पढत. इब्न तैमियांनी तर म्हटलंय, लोक ज्याला सफर म्हणतात ती सफर. व्यापारीभाईंना चूक कसं ठरवणार?

मंगळवार पेठेतले चाचा: ती रिवायत सहीह आहे, नाकारत नाही. पण शहरातून निघाल्यावर कसर कुठून सुरू व्हायची, हे ती सांगते, सफर किती लांबीची हवी हे नाही, असा अर्थ आपले बुजुर्ग लावतात. आणि तुमचाच निकष लावा. सकाळी कराडला जाऊन दुपारी दुकानात बसणाऱ्याला कोल्हापुरात कुणी मुसाफिर म्हणतं का?

राजारामपुरी: काही जण म्हणतील. मला हे पटलं नाही.

शिरोली नाका: आणि जोहर-असर एकत्र?

मंगळवार पेठेतले चाचा: मेहुण्याला चालतं, पण शहर सोडल्यावर. घरी एकत्र पढून निघायचं नाही. आपल्यात हजच्या वेळी अरफात आणि मुजदलिफा सोडून कुठंच नाही. तुम्ही जोहर शेवटच्या वेळेला पढा, थोडं थांबा, असरची वेळ लागताच असर. गाडी एकदाच थांबवावी लागते. फक्त आपली असर शाफईंपेक्षा उशिरा लागते, तेव्हा घड्याळ तुमचं धरा, त्याचं नको.

शिरोली नाका: खोलीत जमात केली तर?

मंगळवार पेठेतले चाचा: मशिदीत स्थानिक इमामामागं दोघांनाही चारच. खोलीत तो इमाम झाला, तर तुमच्या हिशेबानं तोही मुसाफिरच, आणि चार पढवतोय. यावर मी तोंडी फतवा देणार नाही. निघण्याआधी मुफ्तींना विचारून जा.