मदत हवी आहे: नववीतला मुलगा शाळेत जात नाही, प्लॅन तिसऱ्या पायरीवर अडकलाय

मी सांगलीत काउन्सेलिंग करते. दिवाळीनंतर एक मुलगा शाळेत जायचाच बंद झाला, सकाळी पोट दुखतं आणि अकरा वाजले की गायब, डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. घरच्यांशी बोलल्यावर कळलं की ऑक्टोबरात आजोबांना अटॅक आला तेव्हा हा शाळेत होता. म्हणजे भीती शाळेची कमी, घर सोडायची जास्त. त्यात आजी म्हणते राहू दे आज, वडील ओरडतात, दोघांची जुंपते आणि पोराची सुट्टी पक्की, घरी थांबलं की सुटल्यासारखं वाटतं, मग दुसऱ्या दिवशी अजून अवघड.

सकाळचं सगळं आता एकट्या वडिलांकडे दिलंय, आजीला पण पटलं (दोन सेशन गेली त्यात!). आधी गेटपर्यंत, मग एक तास लायब्ररी, मग आवडीचे दोन तास. तिसऱ्या दिवशी एका सरांनी वर्गासमोर विचारलं, "काय पाहुणे, आलात का?" झालं, परत घरी.

आता लायब्ररीवर परत आणू की तिथूनच रेटू? पूर्ण घरी बसवायचं नाही एवढं नक्की. आणि सगळ्या शिक्षकांना किती सांगायचं, आजोबांचं सांगू नका म्हणतोय तो. कोणी एकच शिक्षक ठरवून काम केलंय का?