संध्याकाळी ‘शुभ सकाळ’ म्हटलं गेलं, मग कसं सावरलंत? अनुभव सांगा

गणपती-नवरात्रात मंडळांचे कार्यक्रम असतात, नवी मुलंमुली माईक हातात घेतात आणि भर संध्याकाळी ‘शुभ सकाळ’ होते किंवा आमदारांचे खासदार होतात. मला चुकीपेक्षा त्यानंतरच्या चार-पाच सेकंदांबद्दल ऐकायचं आहे. नेमकं कोणतं वाक्य बोललं गेलं? लोक हसले का? आणि ज्यांचा मान चुकला, त्यांचं काय झालं?

निवेदक_सातारा: बरीच वर्षं सूत्रसंचालन करतो. वेळेची चूक सावरायला सगळ्यात सोपी, कारण त्यात कोणाचा मान जात नाही. आमच्या व्याख्यानमालेत सोबतच्या मुलीच्या तोंडून सात वाजता ‘शुभ सकाळ’ गेलं. सभागृहात कुजबुज झाली. ती थांबली, हसली आणि म्हणाली, “घड्याळात संध्याकाळच आहे, पण पाहुणे आले आणि इथे उजाडलं. शुभ संध्याकाळ!” टाळ्या पडल्या. तिने तीन गोष्टी नीट केल्या. कुजबुज होऊ दिली, विनोदातून पाहुण्यांचा मान वाढवला आणि शेवटी योग्य शब्द स्पष्ट उच्चारला. हा शेवटचा भाग बरेच जण विसरतात. लोक हसतात, पण दुरुस्ती होतच नाही. टाळ्या संपायच्या आत तिने पुढचं नाव पुकारलं, हेही महत्त्वाचं. तोच विनोद कार्यक्रमात परत काढला की पाहुणेही अवघडतात.

मीरा_डोंबिवली: इतकी कसरत कशाला? सरळ ‘नमस्कार’ म्हणावं. सकाळ-संध्याकाळ काही चुकतच नाही.

निवेदक_सातारा: वेळेपुरतं अगदी बरोबर. पण नमस्कारानंतर पद येतंच ना? तिथे गंमत वेगळी आहे. पद चुकून वर गेलं तर विनोद चालतो. एका उपसरपंचांना निवेदकाने सरपंच म्हटलं, तर तेच उठून म्हणाले, “तुमच्या तोंडात साखर पडो!” सगळं गाव हसलं, खुर्चीवरचे सरपंचसुद्धा. पण पद खाली गेलं, विद्यमान आमदारांना ‘माजी’ म्हटलं किंवा डॉक्टरांचं ‘डॉ.’ राहिलं, तर विनोद करू नये. “क्षमस्व, विद्यमान आमदार” एवढंच, पूर्ण नावासह. हसायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं.

रात्रपाळी_हिंजवडी: आमचं रोजचंच. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठ. मी त्यांना ‘गुड इव्हनिंग’ म्हणालो की लगेच सांगतो, “माझ्या खिडकीतली संध्याकाळ बोलली, तुम्हाला गुड मॉर्निंग.” ओळखीच्या टीमला आवडतं. पहिल्यांदाच भेटणाऱ्या ग्राहकाशी मात्र नुसती दुरुस्ती करतो, कारण आवाज अडकत येत असला की अर्धा विनोद पोचतच नाही.

आप्पा_मिरज: आमच्या नात्यातले एक जण रात्री अकराला ‘शुभ सकाळ’चं फुलांचं चित्र पाठवतात. त्यांना विनोदाने कसं थांबवावं?

धागाकर्ती: आप्पा, तो वेगळाच विषय आहे. 😀 पण तुम्ही ‘उद्याची आजच मिळाली, आभार’ असं कळवून बघा.

बाई_प्राथमिक: पहिली-दुसरीत मुलं मला सर्रास ‘आई’ म्हणतात. वर्ग हसायच्या आत मी “बोल बाळा” म्हणते आणि प्रश्नाचं उत्तर देते. त्याला वाटतं, काही झालंच नाही. आमच्या शाळेत एका मोठ्या वर्गात मात्र असंच झाल्यावर शिक्षकांनी “घरी डबा विसरलास का रे?” असं विचारलं. ते प्रेमानेच म्हणाले होते. वर्गाने ‘डबा’ हे त्या मुलाचं नावच पाडलं आणि तो हात वर करेनासा झाला. म्हणून माझं मत आहे की चूक ज्याची, विनोद त्यानेच करावा. समोरच्याने फक्त झेलावा.

निवेदक_सातारा: बाई, उपसरपंचांचा विनोद समोरच्याचाच होता की!

बाई_प्राथमिक: हो, पण मान त्यांचा होता आणि निवेदक मोठा माणूस होता. आठवीतल्या मुलाकडे उलट बोलायची सोय नसते.

मीरा_डोंबिवली: हे पटलं. आणि शोकसभेत?

निवेदक_सातारा: तिथे विनोद नाहीच. ‘आजच्या आनंदाच्या प्रसंगी’ असं सवयीने निघून गेलेलं मी ऐकलंय. निवेदक थांबला, “क्षमा करा” म्हणाला, दिवंगतांचं नाव घेतलं आणि पुढे वाचू लागला. कोणी त्याला नंतर बोललं नाही.

रात्रपाळी_हिंजवडी: एक विचारू? चूक चार वाक्यांनंतर लक्षात आली तर? परत जाऊन सावरायचं की सोडून द्यायचं?

निवेदक_सातारा: वेळेची सोडून द्या. पदाची कधीच नाही.

बाई_प्राथमिक: मला वाटतं पदाचीसुद्धा माईकवरून नको. भाषण झाल्यावर चहाच्या वेळी जाऊन सांगावं.

निवेदक_सातारा: मग सभागृहातल्या तीनशे लोकांना चुकीचंच पद कळलेलं राहतं, बाई.