वरची ओळ आधी, खालची नंतर

"मध्ये टू ऑफ कप्स, शेजारी टेन ऑफ पेंटॅकल्स. नातं बिघडलंय की सासर?"

दोन्ही एका दमात वाचू नका. टॅरोच्या पत्त्यांच्या मी दोन ओळी मांडते: वर तो, ती आणि मध्ये दोघांचं नातं, खाली सासर, माहेर. वरची पूर्ण वाचून होईपर्यंत खालची पालथीच ठेवते.

नाशिकला माझ्याकडे गंगापूर रोडची एक मुलगी आली होती. नोकरी सोडून घर सांभाळ, हा सासरचा हट्ट. नात्याच्या आणि सासरच्या जागी तुमचेच दोन पत्ते आले. रायडर-वेट या प्रचलित टॅरो संचाच्या चित्रात टेन ऑफ पेंटॅकल्सवर म्हातारे गृहस्थ पुढे बसलेत आणि जोडपं त्यांच्यामागे कमानीखाली. टू ऑफ कप्स हा दोघांमधल्या ओढीचा पत्ता. म्हणजे ओढ शाबूत आहे, घर पुढ्यात बसलंय. पण नवऱ्याच्या जागी टू ऑफ स्वोर्ड्स होतं, डोळ्यांवर पट्टी बांधलेलं. तो आईपुढे गप्प राहतो, आणि हे दुखणं सासरचं नाही, दोघांचं आहे. तिला मी तेच सांगितलं. मध्ये मन दुखावल्याचं थ्री ऑफ स्वोर्ड्स येऊन खालची ओळ शांत असेल, तर सासूबाईंवर खापर फोडू नये. त्यांच्या मनातलं तसंही पत्ता सांगत नाही. विचारणारीला ते घर कसं दिसतं, तेवढंच कळतं.