प्रतिसाद: लक्ष आधी तिकडेच का जातं

"मीटिंगमधे वीस जण असतात, मग कपाळाला आठ्या घातलेला एकच चेहरा मला का दिसतो?"

अँक्झायटी असली की नजर जास्त तीक्ष्ण होते असं नाही हो, लक्ष आधी कुठे वळतं त्याचा प्रश्न आहे. 1986 मधे मॅक्लाऊड, मॅथ्यूज आणि टाटा या मानसशास्त्रज्ञांनी हे मोजलं, स्क्रीनवर अर्धा सेकंद दोन शब्द, एक साधा एक धोक्याचा, मग ते गायब आणि एकाच्या जागी ठिपका, दिसला की बटण दाबायचं. धोक्याच्या शब्दाच्या जागी ठिपका आला की अँक्झायटीचे पेशंट पटकन दाबायचे, म्हणजे लक्ष आधीच तिथे होतं. माझ्या मते खरा त्रास पुढचा, तिथे गेलेलं लक्ष लवकर सुटत नाही आणि बाकीचे एकोणीस चेहरे बघायचेच राहतात. फक्त या टेस्टवरून एकट्यादुकट्याचं निदान करू नका, त्याच माणसाचा स्कोअर परत घेतला की बराच बदलतो.